लोणच्याची पोच

आमच्या लहानपणी परगावच्या आप्तांकडे काही जिन्नस पाठवला की आठवड्याभरात पोस्टकार्डावर त्याची पोच येत असे. ‘डबा मिळाला. एका बाजूस चेपला होता. लाडवांपैकी चार फुटले, बाकीचे उत्तम. लोणचे खारट आहे, पण टिकेल.’ एवढाच मजकूर. त्यात आभाराचा शब्द नसे आणि तो नाही म्हणून कोणास वाईटही वाटत नसे. पुढे शाळेत पत्रलेखन शिकवू लागलो तेव्हा आम्ही मुलांना आवर्जून सांगत असू, की पोच निराळी आणि आभार निराळे. पोचेत वस्तू कशी पोचली ते लिहावे, आभारात मन कसे झाले ते लिहावे. हा भेद आम्ही शिकवला खरा, पण त्याचे मोल आम्हांस कळले ते २०२५ साली, आणि तेही एका लोणच्याच्या निमित्ताने.

आमची कन्या २०२१ पासून इंग्लंडात मँचेस्टर येथे असते. तेथील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती काम करते. दर वर्षी आषाढाच्या सुमारास आमच्या घरून, म्हणजे बेळगावाहून, तिच्यासाठी एक खोके निघते. त्यात आंब्याचे लोणचे, भाजणीच्या चकल्या, पातळ पोह्यांचा चिवडा आणि मेतकूट इतके जिन्नस ठरलेले. खोके मिळाले की त्याच दिवशी भ्रमणध्वनीवर तिचा निरोप येई : ‘सगळे छान पोचले. आई, लोणचे अप्रतिम!’ सौभाग्यवती तो निरोप शेजारणीला दाखवीत आणि पुढल्या वर्षी अर्धा किलो लोणचे वाढवीत.

२०२५ च्या गुढीपाडव्यास कन्येशी बोलणे चालले असता सौभाग्यवती म्हणाल्या, “यंदा तीन किलो घालते गं, तुला इतके आवडते तर.” पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग कन्या म्हणाली, “आई, रागावू नकोस. गेली दोन वर्षे लोणचे मी टाकून दिले.”

मग सारी हकीकत बाहेर आली. काचेच्या बाटल्यांतले तेल झिरपून खोके ओले होत असे, तरी ते तिने कधी कळवले नव्हते, कारण लोणचे शाबूत होते. परंतु २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी झाकण उघडताच फस्‌ असा आवाज येऊन वायू सुटला, दारूसारखा आंबूस वास आला, फोडी पिळपिळीत लागल्या आणि वर पांढरी लव दिसली. ती लव काढून खालचे लोणचे खावे असा मोह तिला झाला, पण ज्या मुलीचे कामच बुरशी ओळखण्याचे, तिने तो आवरला. बुरशीचे तंतू खालपर्यंत गेलेले असू शकतात, तेव्हा असे लोणचे वरून खरवडून वापरू नये, सगळेच टाकावे, हे तिचे म्हणणे आमच्या वाचक भगिनींनीही लक्षात ठेवावे.

सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. पण तीस वर्षांत जे लोणचे कधी बिघडले नाही ते आताच का बिघडावे, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना माप विचारले. त्या सांगत गेल्या आणि आम्ही कागदावर मांडत गेलो. एक किलो फोडी. मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हळद आणि हिंग मिळून २०० ग्रॅम. शेंगतेल ३०० ग्रॅम. मीठ? येथे त्या थांबल्या. “आधी २०० घालत होते. आता १२० घालते.”

“आता म्हणजे कधीपासून?”

“अहो, तुमच्या रक्तदाबाचे निघाले तेव्हापासून. तुम्हाला लोणचे सोडवत नाही, आणि सांगितले असते तर अळणी म्हणून नाक मुरडले असते.”

आमचा रक्तदाब वाढल्याचे निदान २०२३ च्या आरंभी झाले होते. आमच्या पानातले मीठ गुपचूप कमी करताना त्यांनी बरणी मात्र एकच ठेवली होती. घरची बरणी शीतकपाटात असे, म्हणून ती बिघडली नाही आणि कोणास संशय आला नाही. मँचेस्टरचे लोणचे मात्र वाटेत आणि गोदामांत दिवसेंदिवस उष्ण हवेत पडून राही.

हिशेब साधा आहे. पूर्वीच्या मापात सारे मिळून सतराशे ग्रॅम लोणच्यात २०० ग्रॅम मीठ, म्हणजे शेकडा सुमारे बारा. नव्या मापात सोळाशे वीस ग्रॅममध्ये १२०, म्हणजे शेकडा साडेसात. लोणच्यात मीठ चवीसाठी असते ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते आणि ते असे धरून ठेवते की ते पाणी जंतूंच्या कामी येत नाही. वरचे तेल हवा अडवते, आणि हवेवाचून बुरशी धरत नाही. मिठाचे काम तेलाने होत नाही आणि तेलाचे मिठाने. मीठ कमी झाले की तेलाखालीही आंबणे सुरू होते, वायू साठतो, फोड तेलाबाहेर उचलली जाते आणि तेथे बुरशीला जागा मिळते. कमी मिठाचे लोणचे करू नये असे नाही. पण ते थोडे करावे, थंडीत ठेवावे आणि प्रवासास पाठवू नये.

त्या वर्षी आमच्या घरी दोन बरण्या झाल्या. लहान बरणी आमची, १२० च्या मापाची. मोठी कन्येची, २०० च्या मापाची. कैऱ्या पुसून, फोडी स्वच्छ कापडावर सुकवून, मीठ भाजून, तेल कडवून आणि पुरते गार करून घातले. नंतर महिनाभर बरणी हलवली नाही. कच्चे लोणचे पाणी सोडत असते, म्हणून मुरल्याखेरीज ते बांधावयाचे नाही, असे ठरले.

राहिला तेल झिरपण्याचा प्रश्न. त्याचे कारण आमच्या शाळेतील विज्ञानाच्या गुरुजींनी समजावले. विमानाच्या पोटात हवेचा दाब जमिनीवरचा नसतो, तर सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असेल तितका असतो. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर. येथे बंद केलेल्या बाटलीतली हवा तेथे सहाव्या-पाचव्या हिश्शाने फुगू पाहते, आणि बाटली आडवी असली तर झाकणाशी आलेले तेल आट्यांतून बाहेर ढकलते. तेव्हा झाकण कितीही आवळले तरी उपयोग थोडा. म्हणून आम्ही बाटली सोडली. वरचे मोकळे तेल निथळून लोणचे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड पिशव्यांत भरले आणि बाजारातील पॅकिंगवाल्याकडून हवा काढून, दुहेरी पिशवीत, उष्णतेने तोंड बंद करून घेतले. पहिल्या पिशवीचे तोंड दोन वेळा उसवले. पिशवीच्या काठाला तेलाचा हात लागला होता, आणि तेलकट काठ एकमेकांस चिकटत नाही. काठ बाहेर दुमडून लोणचे भरले आणि मग तो कोरड्या कापडाने पुसला, तेव्हा जमले.

चिवड्यातले खोबऱ्याचे काप त्या वर्षी वगळले, कारण दरसाल खवट वास प्रथम त्यांनाच येत असे, हेही पाडव्याच्या संभाषणात कळले होते. चकल्या रात्रभर गार होऊ दिल्या. कोमट चकली डब्यात घातली की तिचीच वाफ तिला मऊ करते. कुंदा मात्र सौभाग्यवतींनी मोठ्या कष्टाने बाजूस ठेवला. बेळगावचे खोके आणि त्यात कुंदा नाही, हे त्यांना पटेना. परंतु दूध व दुधाचे पदार्थ भारतातून टपालाने वा सामानातून ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत, आणि कुंदा तर दुधाचाच. तो सापडला तर काढून घेतात.

श्रावणात कन्येचे पत्र आले. या खेपेस दोन शब्दांचा निरोप नव्हता. तिने ते हाताने लिहून त्याचे छायाचित्र पाठवले होते. त्यातला काही भाग येथे देतो.

‘ती. बाबांस व ती. आईस साष्टांग नमस्कार. खोके मिळाले. लोणच्याच्या चार पिशव्यांपैकी चारही सपाट, एकही फुगलेली नाही. बाहेर तेलाचा थेंब नाही. चकल्या तेरा मोडल्या, कुरकुरीत आहेत. चिवड्यास वास नाही. आईने लिहिल्याप्रमाणे तेल कडवून, गार करून, फोडी बुडतील इतके घातले. बरणी शीतकपाटात ठेवली होती. चौथ्या दिवशी वर पांढरे दिसले आणि माझ्या पोटात धस्स झाले. बरणी तासभर बाहेर ठेवली, तो पांढरेपणा वितळून गेला. थंडीने तेल गोठले होते. बुरशी असती तर वितळली नसती.

‘आई, दोन वर्षे मी तुला खोटे लिहिले. तू उन्हात बसून फोडी करतेस आणि मी इकडे कचऱ्यात टाकते, हे लिहिण्याचा धीर झाला नाही. मला वाटले, मी तुझे मन राखते आहे. पण तू दरसाल जास्त करत गेलीस आणि मी दरसाल जास्त टाकत गेले. आज डब्यातल्या भाताबरोबर एक फोड खाल्ली. ती आपल्या घरची होती. तुम्हा दोघांचे आभार मानते ते या वर्षीचे, आणि मागच्या दोन वर्षांचेही. बाबांची बरणी वेगळी केलीस, हे बरे केलेस.’

आम्ही पत्र मोठ्याने वाचून दाखवले. शेवटच्या वाक्यांपाशी आमचा आवाज नीट राहिला नाही. सौभाग्यवती मात्र पदर डोळ्यांस न लावता म्हणाल्या, “तेरा मोडल्या म्हणजे डबा मोठा झाला. पुढच्या वर्षी लहान डबा घेऊ.” आणि त्यांनी स्वयंपाकघरातल्या वहीत तसे टिपून ठेवले.

शिक्षकाच्या सवयीने आम्ही त्या पत्रास मनातल्या मनात गुण देऊ लागलो होतो. ते तेथेच सोडले आणि कागद घेऊन उत्तर लिहावयास बसलो : ‘चि. बाळास अनेक आशीर्वाद. तुझी पोच मिळाली.’