ताटीआडचे मौन

मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांवर कीर्तन लागले की हल्ली पहिला अर्धा तास अपमानाच्या प्रसंगात जातो. ज्ञानोबाराय माधुकरीला निघाले, वाटेत कोणी कर्मठ आडवा आला, संन्याशाची पोरे म्हणून त्याने हिणवले, असा तो प्रसंग. कोणी मांड्यांची कथा आणून विसोबा चाटींनाच तिथे उभे करतो. त्या कर्मठाच्या शिव्या बुवा आवाज चढवून म्हणतात, श्रोते हळहळतात. शेवटी मृदंगाच्या गजरात ताटी उघडते आणि भाऊ-बहीण गळ्यात पडतात. माझे स्पष्ट म्हणणे आहे की हे त्या अभंगांचे निरूपण नव्हे. मुक्ताईंनी जे जाणून झाकले, ते आपण उघडे करतो आहोत.

सज्जनहो, गाथा उघडून पाहा. या अभंगांत बोलणारी एकटी मुक्ताई आहे. अपमान कोणी केला, काय शब्द वापरले, कुठे घडले, यांतले काहीच ती सांगत नाही. ज्ञानोबांच्या तोंडी एक अक्षर नाही. आणि ताटी उघडल्याचेही कुठे सांगितलेले नाही.

मग आत कोणी रुसून बसले आहे, हे आपल्याला कळते कसे? धृपदावरून. दर खेपेला मुक्ताई काही समजूत सांगते आणि पुन्हा ताटी उघडण्याची विनवणी करते. पहिल्या विनवणीला दार उघडले असते तर दुसरीची गरजच नव्हती. विनवणी पुन्हा आली म्हणजे मधल्या वेळात आतून उत्तर आलेले नाही. ज्ञानोबांचे मौन त्या धृपदाने ऐकू येते. टाळकरी धृपद घोळून म्हणतात तेव्हा ते हे मौन धरून असतात; मध्येच बुवांनी ज्ञानोबांच्या तोंडी संवाद घातले की धृपद नुसते पालुपद उरते.

अपमानाचेही तसेच. मुक्ताई त्याचे वर्णन करत नाही, पण तिने घेतलेले दृष्टांत पाहा. आपलाच हात आपल्याला लागला तर त्याचा राग धरीत नाहीत. आपल्याच दातांखाली जीभ सापडली म्हणून कोणी दात पाडीत नाही. दुखावणारा परका असता तर हे दृष्टांत लागू पडले नसते. म्हणजे घाव आपल्यांतल्याच कोणाचा आहे, असे ती धरून चालते. शब्द शस्त्रासारखे लागले तरी संतांनी तो उपदेश मानावा, असेही ती म्हणते. त्यावरून घाव बोलण्याचा होता एवढे दिसते. इतकेच अनुमान अभंग देतात. त्यापुढचे नाव, गाव आणि शिव्या बुवांच्या पदरच्या.

आता तिने ते का सांगितले नाही, हे पाहू. ज्याने दुखावले तो आपलाच अवयव, असे सांगणारी मुलगी त्याचे नाव घेऊन त्याला वेगळा कसा काढील? नाव घेतले असते तर दृष्टांत तिथेच खोटा पडला असता. तिचे न सांगणे हाच तिच्या उपदेशाचा आचार आहे. आपण त्या जागी खलपुरुष उभा केला की श्रोत्यांच्या मनात त्याच्याविषयी राग पेटतो. जो राग शमवायला मुक्ताई दाराशी उभी राहिली, तोच आपण मंडपात पेटवतो.

कोणी म्हणेल, कथेशिवाय श्रोता बसत नाही. आख्यान हा नारदीय कीर्तनाचा उत्तररंग आहे आणि तिथे तो शोभतो. वारकरी कीर्तनात एक अभंग घ्यायचा आणि प्रत्येक विधानाला संतवचनाचे प्रमाण द्यायचे, ही आपली रीत. त्या कर्मठाच्या शिव्यांना प्रमाण कोणते? चरित्र जरूर सांगा, पण ‘परंपरा असे सांगते’ एवढे म्हणून सांगा. अभंगाच्या चरणाखाली त्याला बसवू नका.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. न सांगितलेल्या जागी हवा तो अर्थ भरायला मोकळीक आहे, असे काहींना वाटते. तशी मोकळीक नाही. मौनाचा अर्थ बोललेल्या शब्दांनीच बांधलेला असतो. वेगवेगळ्या छापील गाथांत या अभंगांची संख्या आणि क्रम सारखा नाही. म्हणून अमक्या चरणानंतर ज्ञानोबा विरघळले, असे क्रमावर उभे केलेले अनुमान टिकत नाही. एकटीचे बोलणे आणि परतून येणारी विनवणी या दोन गोष्टींवर मात्र भरवसा ठेवता येतो.

म्हणून नारदांच्या गादीवर उभ्या राहणाऱ्या तरुण कीर्तनकारांना माझी विनंती आहे. ताटी तुम्ही उघडू नका. अभंगात ती मिटलेली आहे, तशीच राहू द्या. शेवटची विनवणी झाल्यावर क्षणभर टाळ थांबवा. आतून उत्तर येत नाही, हे श्रोत्यालाही ऐकू द्या. मग ती विनवणी ज्ञानोबांपाशी थांबत नाही. ज्याने कोणावर राग धरून आपले दार लावून घेतले आहे, त्या प्रत्येकापाशी ती जाऊन उभी राहते.

राम कृष्ण हरी.