चिटबॉयचा पगार एक लाख, खर्च एक लाख बासष्ट हजार



शेतकी खात्याच्या माणसाने ऊस, बेणे, खत यांवर लिहावे, पगारपत्रकात नाक खुपसू नये, असे कुणी म्हणेल. पण गेल्या वर्षी माझ्याच हातून एक चूक झाली. तिने मला जे शिकवले ते आपल्या उसाच्या बिलाशी जोडलेले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले असे. आमच्या गट ऑफिसकडे हंगामापुरते सहा चिटबॉय घेतो. नोंदी, तोडीच्या चिठ्ठ्या, टोळ्यांवर नजर, ही कामे तेच करतात. खात्याचे अंदाजपत्रक मांडताना मी सरळ हिशेब केला. एकाचा पगार महिना २०,००० रुपये, हंगाम पाच महिने, म्हणजे माणशी एक लाख. सहा माणसे, सहा लाख. कागद अकौंट खात्याकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. हिशेबनीस म्हणाले, "साहेब, हा चिटबॉयचा हिशेब झाला, कारखान्याचा नव्हे." लागणीचा खर्च मांडताना नुसते बेणे धरावे आणि खत, पाणीपट्टी, मशागत सोडून द्यावी, तसेच मी केले होते.

मग आम्ही दोघे बसलो आणि एका चिटबॉयचा हिशेब पुन्हा मांडला. तोच इथे देतो. आकडे समजण्यापुरते सोपे धरले आहेत, पण रीत खरी आहे.

त्याच्या वीस हजारांत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० आणि बाकीचे किरकोळ भत्ते २,००० असे धरू. पाच महिन्यांचा पगार एक लाख. हंगाम संपला की तो घरी जातो, पण पुढच्या हंगामाला तो परत यावा म्हणून करारानुसार त्याला बंद काळात रिटेन्शन अलाउन्स मिळतो. तो १८,००० च्या २५ टक्के धरला तर महिना ४,५०० रुपये, सात महिन्यांचे ३१,५००. माझ्या कागदावर ही रक्कमच नव्हती. माणूस कामावर नाही म्हणजे खर्च नाही, असे मी गृहीत धरले होते.

आता भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे आपल्या बोलीत फंड. "फंड तर कामगाराच्या पगारातून कापता, मग कारखान्याला काय तोशीस?" असे अनेक सभासद विचारतात. त्याच्या पगारातून १२ टक्के कापले जातात हे खरे, पण तेवढेच १२ टक्के कारखान्याला आपल्या पदरचे घालावे लागतात. त्याशिवाय फंडाशी जोडलेल्या विमा योजनेचा अर्धा टक्का आणि प्रशासनाचा अर्धा टक्का. विम्याचा अर्धा टक्का १५,००० रुपयांपर्यंतच्याच पगारावर बसतो. १८,००० वर हे सारे महिना २,३२५ रुपये होते, पाच महिन्यांचे ११,६२५. आणि इथेच दुसरी चूक होते. फंड फक्त हंगामातल्या पगारावर लागतो असे वाटते, पण कायद्याने तो मूळ पगार, महागाई भत्ता आणि रिटेन्शन अलाउन्स या तिन्हींवर लागतो. म्हणजे बंद काळातल्या ४,५०० वरही महिना ५८५ रुपये, सात महिन्यांचे ४,०९५. फंडाची एकूण बेरीज १५,७२०.

त्यानंतर बोनस. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या मिळकतीचा बारावा हिस्सा, आणि कमाल २० टक्के. वर्षात ३० दिवस काम केलेला हंगामी माणूसही त्याला पात्र असतो. कारखाना तोट्यात गेला म्हणून किमान बोनस टळत नाही, म्हणून अंदाजपत्रकात तो "नफा झाला तर" या सदरात टाकणे चूक. कायद्यात बोनस कोणत्या पगारापर्यंत आणि किती रकमेवर मोजायचा याला मर्यादा आहेत, पण करारानुसार पूर्ण मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर बोनस देण्याची रीत आहे, तीच इथे धरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९६५ चा बोनस कायदा आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांत सामावले गेले. हे मूळ दर तसेच राहिले. मात्र संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येत रिटेन्शन अलाउन्स स्पष्ट घातला आहे, म्हणून बोनसही त्यावर धरून ठेवलेला बरा. हंगामातले ९०,००० आणि बंद काळातले ३१,५०० यांवर ८.३३ टक्क्यांनी १०,१२१ रुपये होतात.

शेवटी ग्रॅच्युइटी. बारमाही कामगाराला दर वर्षाच्या नोकरीला १५ दिवसांचा पगार आणि हंगामी कामगाराला दर हंगामाला ७ दिवसांचा पगार, असा नियम आहे. महिन्याचे दिवस २६ धरायचे. १८,००० भागिले २६ गुणिले ७, म्हणजे ४,८४६ रुपये. हे पैसे आज द्यायचे नसतात, पण आजच्या हंगामाने देणे तयार झालेले असते.

आता बेरीज करा. पगार १,००,०००, रिटेन्शन ३१,५००, फंड १५,७२०, बोनस १०,१२१, ग्रॅच्युइटी ४,८४६. एकूण १,६२,१८७ रुपये. माझ्या सहा लाखांच्या कागदावर सहा माणसांचे तीन लाख त्र्याहत्तर हजार रुपये गायब होते! कुणी खाल्ले नव्हते, मी लिहिलेच नव्हते.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त धास्ती ग्रॅच्युइटीची वाटते. बोनस दिवाळीला मागितला जातो, फंड दर महिन्याला भरावा लागतो. ग्रॅच्युइटी मात्र तीस वर्षे गप्प बसून राहते. एक बारमाही कामगार धरा. निवृत्तीच्या वेळी त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता २४,००० असेल, तर दर वर्षाचे १३,८४६ आणि तीस वर्षांचे ४,१५,३८५ रुपये होतात. एका वर्षी असे पंचवीस जण निवृत्त झाले तर एक कोटी चार लाख. गाळप पाच लाख टन असेल तर टनामागे जवळजवळ एकवीस रुपये. या माणसांनी तीस हंगाम सेवा केली. आपल्या आजोबांचा, वडिलांचा ऊस त्यांनी गाळला. आणि बिल मात्र त्या एकाच वर्षी ऊस घालणाऱ्याच्या माथी! हा न्याय नव्हे.

यात आणखी एक खोच आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात आणि तो दर मागच्या सगळ्या वर्षांना लागतो. नव्या करारात बारमाही कामगाराचा पगार दोन हजारांनी वाढला आणि त्याची वीस वर्षे झाली असली, तर त्या एका सहीने त्याच्या मागच्या नोकरीचे देणे २३,०७७ रुपयांनी वाढते. पगारवाढीचा बोजा सांगताना हा आकडा फार कमी वेळा सांगितला जातो. म्हणून दरवर्षी नुसते त्या वर्षाचे पंधरा दिवस बाजूला टाकूनही भागत नाही. जुन्या वर्षांचे देणे आजच्या पगाराने पुन्हा मोजून खड्डा भरावा लागतो. आयुर्विमा महामंडळाची समूह ग्रॅच्युइटी योजना याचसाठी असते. पण तिच्यात नाव असणे वेगळे आणि हप्ता वेळेवर जाणे वेगळे.

"मग कायम माणसे कशाला? ठेकेदाराकडून घ्या, ही कटकटच नको," असे एका सभासद बांधवाने मला बांधावर सुनावले. तोही हिशेब करून पाहू. ठेक्यावरच्या माणसाची मजुरी महिना १४,००० धरा. त्यालाही फंड आहे, १३ टक्क्यांनी १,८२०. बोनस आहे, १,१६६. झाले १६,९८६. त्यावर ठेकेदाराचा आठ टक्के मोबदला धरला तर १८,३४५, आणि वर जीएसटी. आता कुणी माणशी साडेपंधरा हजारांची निविदा भरली आणि आपण ती सर्वांत कमी म्हणून आनंदाने मंजूर केली, तर फंड आणि बोनस कुठून निघणार? एकतर मजुराच्या मजुरीतून, नाहीतर भरलाच जाणार नाही. ठेकेदाराने फंड भरला नाही तर मूळ मालक म्हणून ती जबाबदारी कारखान्यावर येते, व्याज आणि दंडासकट. तोवर ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. दर महिन्याला बिल पास करण्याआधी फंडाच्या चलनाची यादी मागवावी आणि हजेरीपत्रकातली नावे तिच्याशी ताडून पाहावीत. हजेरीत चाळीस आणि चलनात बावीस नावे निघाली, तर अठरा जणांचे देणे आपल्या दारात उभे आहे असे समजावे.

ठेक्याची आणखी एक मेख म्हणजे हा खर्च पगाराच्या सदरात दिसत नाही. यार्डातली माणसे "इतर खर्चा"त, वर्कशॉपमधली "दुरुस्ती व देखभाली"त जातात. मग अहवालात पगारखर्च घटल्यासारखा दिसतो, सभेत टाळ्या पडतात, आणि एकूण पैसे तेवढेच किंवा जास्त गेलेले असतात.

हे आपल्याला का कळायला हवे? महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यात साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड यांच्या उत्पन्नाचे ७० टक्के उसाला, अशी वाटणी आहे. उरलेल्या तिसांत पगार, दुरुस्ती, व्याज सगळे बसवायचे. एफआरपी कायद्याने चौदा दिवसांत द्यावी लागते. न धरलेला खर्च त्या तिसांतून अचानक उगवला की आधी बिल लांबते, आणि दुसरीकडे निवृत्त कामगार ग्रॅच्युइटीसाठी हेलपाटे घालतो. तो कामगारही आपल्याच गावचा, पुष्कळदा आपल्याच घरचा असतो. म्हणून कामगारांना कमी द्या असे माझे म्हणणे नाही. जे द्यायचे आहे ते आधी लिहा, एवढेच म्हणणे आहे.

माझे मत असे, की वार्षिक अहवालात कर्मचारी खर्च एकाच ठिकाणी, टनामागे रुपयांत छापावा. त्यात पगार व रिटेन्शन, फंड, बोनस, त्या वर्षाची ग्रॅच्युइटी आणि ठेक्याची मजुरी अशा पाच ओळी असाव्यात. खाली सहावी ओळ असावी : आजपर्यंतचे ग्रॅच्युइटीचे एकूण देणे किती आणि त्यापैकी बाजूला ठेवलेले किती. या दोन आकड्यांतली तफावत दरवर्षी वाढत असेल, तर वरच्या पाच ओळी कितीही चांगल्या दिसोत, आपण पुढच्या पिढीच्या उसावर उचल घेतो आहोत.

या हंगामाचे माझ्या खात्याचे अंदाजपत्रक मी याच रीतीने दिले आहे. सहा चिटबॉय, नऊ लाख त्र्याहत्तर हजार रुपये. आकडा मोठा दिसतो म्हणून वरून विचारणा झाली. मी सांगितले, आकडा गेल्या वर्षीही एवढाच होता, फक्त कागदावर नव्हता.