वहीतल्या ओळींसाठी वृत्ताचे पुस्तक



कोकणातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. अब्बांच्या इंतकालानंतर त्या एका वहीत ओळी लिहू लागल्या. ही वही त्या कुणाला दाखवत नाहीत आणि दाखवायचीही नाही. त्या लिहितात, "उस्तादांकडून इस्लाह घ्यायची तर वही उघडावी लागेल. ते मला नको आहे. पण ओळ कुठे लंगडते ते माझे मलाच कळावे, असे एखादे पुस्तक सांगा." सोबत दोन ओळी आहेत. नाव न देता त्या छापायला त्यांनी परवानगी दिली आहे.

उस्ताद नसेल तर मोजणी स्वतःलाच करावी लागते, आणि ती पुस्तकातून शिकता येते. पण आपल्या घरांत एक अडचण असते. कानावर उर्दू नात, नज्म, गझल पडलेली असते आणि लिहिणे मराठीतून होते. म्हणून उर्दू मोजणीचे पुस्तक हाती घेऊन मराठी ओळ मोजली, तर ओळ बरोबर दिसते पण बरोबर असत नाही. ज्या भाषेत लिहिता, त्या भाषेचेच वृत्ताचे पुस्तक आधी घ्या. असे का, ते या भगिनीच्याच ओळींवर पाहू.

त्यांची पहिली ओळ अशी:

ही पडवी रिकामी, ती खुर्ची रिकामी

ही चाल त्यांच्या कानात कुठून आली, ते ओळखता येते. हालींचे 'मुसद्दस' 1879 साली प्रसिद्ध झाले. त्यातली हुजूर (स.) यांच्या शानमधली कडवी आपल्याकडे मिलादच्या मजलिशीत हमखास म्हटली जातात. त्यांची बहर आहे मुतकारिब, म्हणजे 'फऊलुन' हा तुकडा चार वेळा. फ आखूड, ऊ लांब, लुन लांब. ताऱ्यांपलीकडच्या जगांविषयी इक्बालांची जी प्रसिद्ध गझल आहे, तीही याच बहरात आहे. आणि मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला हीच चाल दुसऱ्या नावाने भेटलेली असते. रामदासांचे मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत, त्याचा साचाही हाच: एक लघू, दोन गुरू, असे चार वेळा. गझल लिहिणारे तो 'लगागा लगागा लगागा लगागा' असा लिहितात. ओळीत अक्षरे बारा.

आता उर्दूच्या कानाने ती ओळ ऐका. 'ही' आखूड, 'पड' लांब, 'वी' लांब. मग 'रिकामी', तो फऊलुनच आहे. पुढे 'ती' आखूड, 'खुर्' लांब, 'ची' लांब, आणि पुन्हा 'रिकामी'. चार तुकडे नेमके बसले. उर्दूत ही मोजणी चालते, कारण तिथे दोन सोयी आहेत. 'की', 'से', 'ही', 'मेरा' अशा शब्दांचा शेवटचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे आखूड धरता येतो. आणि 'घर', 'पड' अशी दोन अक्षरे एका दमात म्हटली जातात, म्हणून ती मिळून एक लांब अक्षर मोजतात.

मराठी वृत्तात यांतली एकही सोय नाही. 'ही' आणि 'ती' दीर्घ लिहिले की दीर्घच. 'पडवी'तले 'प' आणि 'ड' हे दोन वेगळे लघू, मग बोलताना आपण 'पड्वी' का म्हणेना. तेव्हा मराठीत ही ओळ अशी होते: ही गुरू, प लघू, ड लघू, वी गुरू, रिकामी ठीक, मग ती, खु, र्ची हे सलग तीन गुरू, आणि पुन्हा रिकामी. अक्षरे तेरा, आणि चारांपैकी दोन तुकडे मोडलेले. म्हणताना काहीतरी अडते असे या भगिनीला वाटत होते, त्याचे कारण हे.

दुसरी ओळ अशी:

मुसल्ला तसा घातलेल्या घडीचा

ही निर्दोष आहे. 'मुसल्ला'तला 'स' दिसायला लघू आहे, पण पुढे 'ल्ला' हे जोडाक्षर आहे. त्याचा आघात मागच्या अक्षरावर येतो आणि 'स' गुरू होतो. मु लघू, स गुरू, ल्ला गुरू. पुढे तसा घा, तलेल्या, घडीचा. बारा अक्षरे, चार तुकडे. कुणी 'मुसला' असे लिहिले असते तर हीच ओळ पहिल्या शब्दाला कोसळली असती. जोडाक्षराच्या या नियमाला एक अपवाद लगेच लक्षात ठेवावा. 'तुम्ही', 'आम्ही' यांतला 'म्ह' हलका आहे. त्याचा आघात मागे येत नाही, म्हणून 'तुम्ही'तला 'तु' लघूच राहतो. शंका आली की शब्द मोठ्याने म्हणा. मागच्या अक्षरावर जोर आला तर ते गुरू, नाही आला तर लघू.

आता पहिली ओळ दुरुस्त करू. साचा नीट पाहिला तर त्यात दोन लघू कुठेही शेजारी येत नाहीत. म्हणजे 'पडवी' हा शब्द भुजंगप्रयातात बसणारच नाही. 'घर' नाही, 'कवच' नाही, 'नजर' नाही. शिकणाऱ्याचे तासन् तास अशा शब्दाशी झटापट करण्यात जातात. शब्दाचे लघू-गुरू आधी मांडले तर ते वाचतात. पडवीऐवजी 'ओटी' घेता येईल, त्यात दोन्ही गुरू आहेत. 'ही' आणि 'ती' यांना लघूच्या जागी ठेवता येत नाही, म्हणून ते काढू. 'रिकामी'ची पुनरुक्ती मात्र जपायला हवी, कारण दुःख तिच्यातच आहे. 'रिकामी'ला 'च' जोडला की पुढच्या तुकड्याचा लघू आपोआप मिळतो:

रिकामीच खुर्ची, रिकामीच ओटी

रिकामी, च खुर्ची, रिकामी, च ओटी. वृत्त चोख आहे. पण अर्थ पाहा. मराठीत बाईच्या संदर्भात 'रिकामी ओटी' म्हटले की मूलबाळ नसणे मनात येते. लेक वडिलांविषयी लिहीत असताना ओळ भलतीकडेच जाते. तेव्हा 'जागा' हा साधा शब्द बरा:

रिकामीच खुर्ची, रिकामीच जागा
मुसल्ला तसा घातलेल्या घडीचा

हा 'च' केवळ भरतीचा आहे का, हेही तपासावे. कसोटी सोपी आहे. तो काढून वाचा आणि अर्थ बदलतो का पाहा. 'रिकामी खुर्ची' ही नुसती नोंद आहे. 'रिकामीच' म्हटल्यावर इतक्या दिवसांतही तिथे कुणी बसलेले नाही, हे कळते. म्हणजे 'च' काम करतो आहे. 'कशी', 'जरी', 'हा', 'तो' असे शब्द काढूनही काही बिघडत नसेल, तर ते फक्त खड्डा बुजवायला आलेले असतात. वृत्त सांभाळू लागलेल्या माणसाच्या हातून हा दोष सर्वांत जास्त होतो.

आता पुस्तके, आणि ती कोणत्या क्रमाने घ्यायची ते सांगतो.

पहिले सुरेश भटांचे 'गझलेची बाराखडी'. नव्याने लिहिणाऱ्यांसाठीच भटांनी ते लिहिले. आकार लहान, भाषा सरळ. वृत्त, काफिया, रदीफ, अलामत हे शब्द आपल्या घरांत ओळखीचे असतात. ते मराठी ओळीत कसे वागतात, ते इथे कळते. गझल लिहायची नसली तरी सुरुवातीला हेच घ्यावे.

दुसरे माधव जूलियन यांची 'छंदोरचना'. पहिली आवृत्ती 1927 ची, वाढवलेली 1937 ची. माधवराव पटवर्धन हे त्यांचे खरे नाव. ते फारसीचे प्राध्यापक होते, फार्शी-मराठी कोश त्यांनीच केला, आणि मराठीत गझल रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण हा ग्रंथ मोठा आणि शास्त्रीय आहे. पहिल्या पानापासून वाचायला घेतला तर पंधरवड्यात सुटेल. तो कोशासारखा वापरावा. आपल्या मनात एखादी चाल घोळत असेल, तिचे लघू-गुरू मांडावेत आणि ते वृत्त ग्रंथात शोधावे. विकत घेण्याआधी जिल्हा ग्रंथालयात विचारून पाहा.

तिसरे पुस्तक उर्दूतही लिहिणाऱ्यांसाठी. अरूजची पारंपरिक पुस्तके अरबी संज्ञांनी भरलेली असतात. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील बिन अहमद यांनी अरबी कवितेसाठी ही मोजणी बसवली, आणि तीच नावे फारसीमार्गे उर्दूत आली. नवख्याला त्यापेक्षा फ्रान्सिस प्रिचेट आणि खलीक अहमद खलीक यांचे 'उर्दू मीटर: अ प्रॅक्टिकल हँडबुक' सोपे जाते. ते 1987 चे असून इंग्रजीत आहे. कोणता स्वर कुठे आखूड धरता येतो, हे त्यात पायरीपायरीने दिले आहे. पण हे मराठी मोजणी पक्की झाल्यावरच उघडा, नाहीतर 'पडवी' पुन्हा आत शिरेल.

हालींचे 1893 चे 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' अनेकजण सुचवतात. ते जरूर वाचावे, पण चांगली कविता कशाला म्हणावे यासाठी. मोजणी त्यातून शिकायला मिळणार नाही.

सराव असा करा. वहीच्या पानावर बारा चौकोन आखा आणि वर ल गा गा चार वेळा लिहा. प्रत्येक चौकोनात एकच अक्षर टाका, जोडाक्षर एकाच चौकोनात. मग ओळ चालीवर न म्हणता, बातमी वाचावी तशी सपाट वाचा. तरन्नुममध्ये आपण आखूड अक्षर नकळत लांबवतो, आणि दोष झाकला जातो. सपाट वाचताना जीभ अडखळली की तोच चौकोन तपासा. एका महिन्यात एकच वृत्त घ्या आणि त्यात वीस ओळी करा, चांगल्या असोत वा नसोत. विसाव्या ओळीपर्यंत बोटे मोजायची थांबतात आणि कान मोजू लागतो.

वरच्या दोन ओळींत यमक नाही, हे काही वाचकांच्या लक्षात आले असेलच. 'जागा' आणि 'घडीचा' यांना मतला करायचा तर काय बदलावे लागेल, ते पुढच्या महिन्यात काफिया आणि अलामत यांच्यासोबत पाहू. तोवर आपापल्या वहीतली एक ओळ चौकोनात मांडून ठेवा.

वस्सलाम.