चाळीस हजार कुणाच्या खिशात?

या सदराच्या जुन्या वाचकांना स्तंभलेखकाची खोड माहीत आहे. 'सरासरी' हा शब्द दिसला की त्याचा पाय अडखळतो. या आठवड्यात तो अंबडमध्ये एका पानटपरीपाशी अडखळला. टपरीवर 'कामगार पाहिजेत'ची पाटी होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : सरासरी पगार 40,000. पाटी लावणाऱ्या कारखान्यात माणसं जेमतेम दहा-अकरा. सोबतचे निवृत्त टर्नर काका पाटी वाचून म्हणाले, "अहो, एवढा कुणाला देतात, ते आधी विचारा."

प्रश्न नेमका होता. असल्या वर्कशॉपचं पगारपत्रक कसं असतं, याचा एक नमुना मांडून बघू. चार हेल्पर, प्रत्येकी 14 हजार. दोन सीएनसी ऑपरेटर, एकाला 18 आणि दुसऱ्याला 20. फिटर 22, क्वालिटीवाला 24, सुपरवायझर 30, प्रॉडक्शन मॅनेजर 60 आणि संचालक म्हणून पगार घेणारे मालक 2 लाख 10 हजार. एकूण माणसं 11, बेरीज 4 लाख 40 हजार. भागाकार केला की 40 हजार बरोबर येतात. पाटी खोटी नाही. फक्त 40 हजार घेणारा माणूस कारखान्यात एकही नाही. सुपरवायझर त्याच्या खाली, मॅनेजर वर, मधे मोकळी जागा.

दहावीच्या बीजगणितात याला मध्य म्हणतात, आणि तो निरुपयोगी मुळीच नाही. मध्याला माणसांच्या संख्येने गुणलं की महिन्याचा एकूण पगारखर्च मिळतो, म्हणून बँकेत कर्जाला जाणाऱ्या मालकाला तोच हवा. तो कारखान्याच्या तिजोरीबद्दल बोलतो. नोकरी मागायला आलेल्या पोराने तो आपल्याबद्दल बोलतोय असं समजू नये, एवढंच.

त्या पोराने पगार चढत्या क्रमाने लावावेत आणि मधल्या, म्हणजे सहाव्या माणसापाशी थांबावं. तो 20 हजारवाला ऑपरेटर. हा मध्यक : पाच जण त्याच्या खाली, पाच वर. मालकांनी उद्या स्वतःचा पगार 1 लाख 10 हजारांनी वाढवला तर मध्य एकदम 50 हजारांवर जाईल, मध्यक मात्र जागचा हलणार नाही. बहुधा म्हणूनच कायद्याचीही पसंती त्याला आहे. कंपनी कायदा 2013 आणि त्याखालचे 2014चे नियम यांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक मोबदल्याच्या किती पट आहे, ते जाहीर करावं लागतं. आपल्या नमुन्यात ते साडेदहा पट निघतं. मध्य धरला असता तर जेमतेम सव्वापाच पट दिसलं असतं. अंबडच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडला मात्र हे बंधन नाही.

तिसरा आकडा बहुलक. यादीत सगळ्यात जास्त वेळा येणारा पगार, इथे 14 हजार. नवख्या हेल्परच्या हातात काय पडेल, हे तिघांत तोच खरं सांगतो. पण तो भलता नाजूक. ओव्हरटाइम धरून मोजलं आणि चौघांचे पगार शे-दोनशे रुपयांनी वेगळे झाले, की बहुलक गायब. मग हजार-दोन हजारांचे गट पाडावे लागतात, आणि गट कसे पाडले यावर उत्तर बदलतं.

काकांनी पुढची मेख सांगितली. "ते चार हेल्पर ठेकेदाराकडे ढकलले की?" तर पगारपत्रकावर सात माणसं उरतात, मध्य 54 हजारांच्या पुढे जातो, मध्यकही 24 हजार होतो आणि बहुलक उरतच नाही. कुणालाही एक पैसा वाढवून मिळालेला नाही. यादीतून कोण वगळलं, ते शोधायला मध्यकही मदत करत नाही.

आता पाटी राहिली बाजूला, कारण नेमका हाच खेळ कॉलेजं फ्लेक्सवर करतात. 'सरासरी पॅकेज' आणि 'सर्वोच्च पॅकेज' यांची अक्षरं प्राचार्यांच्या फोटोपेक्षा मोठी. त्या भागाकारात नोकरी न लागलेली मुलं नसतात, आणि परदेशी कंपनीत गेलेला एकटा पोरगा अख्ख्या वर्गाचा आकडा वर ओढतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन संस्थांकडून मध्यक पगार मागतात. तोही फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, पण किती जणांना लागली तो आकडा शेजारीच द्यावा लागतो. प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकांनी फ्लेक्स सोडावा आणि ते दोन आकडे मागावेत. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेकडे ते असतातच.