अम्मींच्या गोळ्यांचा तक्ता

खडकी बाजारातल्या औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटावर पेनने १-०-० असे लिहून मिळते. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. पण ज्यांचे सारे शिक्षण उर्दूत झाले, त्या अम्मींची नजर उजवीकडून सुरू होते. त्यांना हीच गोळी रात्रीची वाटू शकते. म्हणून घरातल्या तक्त्यात आकड्यांऐवजी शब्द लिहावेत आणि अम्मी वाचतात त्या लिपीत लिहावेत. वेळही घड्याळापेक्षा नमाज आणि जेवणावरून सांगावी.

समजा, अम्मींना डॉक्टरांनी चार औषधे दिली आहेत. तक्ता असा होईल :

| औषध | किती | केव्हा | कशासाठी |
|---|---|---|---|
| थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम | १ | फज्रनंतर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर | थायरॉइड |
| मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम | १-१ | नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर | साखर |
| अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम | १ | नाश्त्यानंतर | बीपी |
| कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम | १ | दुपारच्या जेवणानंतर | हाडे |

थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगात पुरेशी उतरत नाही, म्हणून चहा अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम तर तिला अडवतेच. दोघांत चार तासांचे अंतर हवे. फज्र आणि दुपारचे जेवण यांत ते आपोआप पडते. मेटफॉर्मिनचे उलट आहे. ती उपाशीपोटी घेतली तर मळमळते, पोट बिघडते. अॅम्लोडिपिनला जेवणाचे बंधन नाही. नाश्त्याशी जोडली ती फक्त आठवणीसाठी.

पहिल्या रकान्यात कंपनीने ठेवलेले नाव पुरेसे नाही. पाकिटावर छापलेले मूळ औषधाचे नावही लिहावे. एका डॉक्टरांनी अॅम्लोडिपिन दिलेली असते, दुसरे डॉक्टर बीपीची जोडगोळी देतात आणि तिच्यातही अॅम्लोडिपिन असते. नावे वेगळी, रंग वेगळे, औषध मात्र दुप्पट. मग पायांवर सूज येते, उठताना चक्कर येते. ‘कशासाठी’च्या रकान्यात ‘बीपी’ दोनदा दिसले की मूळ नावे ताडून पाहावीत आणि दोन्ही पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवावीत. बीपीला दोन औषधे मुद्दामही देतात, त्यामुळे आपल्या मनाने कोणतीच गोळी बंद करू नये.

तक्त्यावर तारीख घालावी. औषध बदलले की खाडाखोड न करता नवा लिहून जुना फाडावा. रमजानमध्ये मात्र हा तक्ता चालत नाही. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. तरीही अम्मींचा आग्रह असेल तर महिना-दीड महिना आधी डॉक्टरांकडे जाऊन रोजा झेपेल का हे विचारावे, आणि त्यांनी होकार दिला तर सहेरी-इफ्तारचा वेगळा तक्ता त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा.