३८४ ची ढाल

पीएचडीच्या खुल्या मौखिक परीक्षेत एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “नमुना एवढाच का घेतला?” त्यावरचे उत्तरही तितकेच ठरलेले असते. “सर, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून सूत्रानुसार ३८४ येतात.” उत्तर पाठ असते, सूत्र खरे असते, आकडाही बरोबर असतो. तरीही याच उत्तरानंतर अनेक परीक्षा घसरणीला लागतात, कारण ३८४ ही ढाल एकाच बाजूचा वार अडवते आणि परीक्षक बहुधा दुसऱ्या बाजूने येतो.

हा आकडा कुठून येतो ते एकदा पाहून घेऊ.

```
n = z² × p × (1 − p) / d²
  = 1.96² × 0.5 × 0.5 / 0.05² = 384.16
```

क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या प्रसिद्ध तक्त्यातही दहा लाखांच्या समष्टीसमोर ३८४ च छापलेले आहे. या सूत्राच्या पोटात काही अटी दडलेल्या आहेत. आपल्याला एकच टक्केवारी मोजायची आहे. समष्टीतल्या प्रत्येकाची यादी हाताशी आहे. त्या यादीतून प्रत्येक व्यक्ती स्वतंत्रपणे, चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली आहे. आणि निवडलेला प्रत्येक जण भेटला आहे. यातली एक अट जरी मोडली, तरी कागदावर ३८४ तसेच राहतात, त्यांचा अर्थ मात्र बदलतो.

एक कल्पित, पण ओळखीचा वाटेल असा प्रबंध घेऊ. विषय आहे एका तालुक्यातील महिला बचत गटांची कर्जफेड. तालुक्यात सुमारे १,००० गट आणि १२,००० सभासद. संशोधक विद्यार्थिनीने ३२ गट निवडले, प्रत्येक गटातल्या १२ जणींची मुलाखत घेतली आणि बेरीज ३८४ झाली. पद्धतीच्या प्रकरणात तिने लिहिले, “सरल यादृच्छिक पद्धतीने ३८४ उत्तरदात्या निवडल्या.” परीक्षक पान उलटता उलटता विचारतात, “तुम्ही ३८४ बायकांना भेटलात की ३२ गटांना?”

हा प्रश्न शब्दच्छल नाही. एका गटातल्या बारा जणी बहुधा एकाच वस्तीतल्या, एकमेकींच्या जावा नाहीतर शेजारणी असतात. त्या एकाच बैठकीला बसतात आणि एकाच सचिवाच्या शिस्तीत हप्ते भरतात. गट शिस्तीचा असेल तर बहुतेक जणींचे हप्ते वेळेवर, गट ढिला असेल तर बहुतेकींची थकबाकी. म्हणजे त्या गटातली पाचवी बाई आपल्याला पहिल्या चौघींपेक्षा फार नवे काही सांगत नाही. हा सारखेपणा संख्येत मोजता येतो. तो ०.१ आहे असे धरले, तर माहितीची गळती 1 + (12 − 1) × 0.1 म्हणजे २.१ पट होते. ३८४ ला २.१ ने भागा. हाती उरतात सुमारे १८३. तेवढ्या स्वतंत्र मुलाखतींतून जेवढे कळले असते, तेवढेच या ३८४ मुलाखतींतून कळले. ५ टक्क्यांची म्हणून लिहिलेली त्रुटी प्रत्यक्षात ७ टक्क्यांच्या पुढे जाते.

गटवार नमुना घेणे ही चूक नव्हे. १२,००० बायकांच्या विखुरलेल्या यादीमागे वाड्यावस्त्या पालथ्या घालणे एकट्या विद्यार्थिनीला झेपत नाही, आणि गट धरून जाणे ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. चूक आहे ती गट निवडून सूत्र मात्र एकेकट्या व्यक्तींचे लावण्यात आणि पद्धतीला भलतेच नाव देण्यात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: “हे ३२ गट निवडले कोणी?” खरे उत्तर असे असते की तालुका कक्षातून गटांची यादी मिळाली, पण गावात गेल्यावर सीआरपी ताईंनी सांगितले, “या गटाची बैठक नियमित असते, तिकडे चला.” त्यातही सर्वेक्षण जानेवारीतले. काही सभासद ऊसतोडीला गेलेल्या, त्यांच्या दाराला कुलूप. मग त्यांच्या जागी दुसऱ्या गटातली घरी असलेली बाई घेतली आणि आकडा पुरा केला. प्रबंधात यातले काहीच नाही. आहे तो फक्त “३८४ पैकी ३८४ प्रतिसाद” हा चकचकीत आकडा. अनुभवी परीक्षकाला पहिला संशय इथेच येतो, कारण खऱ्या शिवारात कुणी ना कुणी नकार देते, कुणी माहेरी गेलेली असते, कुणाची मुलाखत अर्धी राहते.

आता नमुन्याबाहेर कोण राहिले ते बघा. ढिले गट राहिले आणि पोटासाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या बायका राहिल्या. थकबाकी जिथे सर्वांत जास्त असण्याची शक्यता, नेमके तेच टोक कापले गेले. या पद्धतीने ३८४ च्या जागी ३,८४० जणी घेतल्या असत्या, तरी हे टोक परत आले नसते. नमुना वाढवल्याने उत्तराची डगमग कमी होते, त्याचा कल सरळ होत नाही.

हा धडा आपल्याकडे फार पूर्वी शेतात शिकला गेला आहे. १९४० च्या दशकात पिकाचे उत्पादन मोजण्यासाठी कापणी प्रयोगाचा वाफा किती मोठा असावा यावर संख्याशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान वाफ्यांच्या बाजूचे होते. लहान वाफे झटपट कापून होतात, म्हणून पुष्कळ घेता येतात. सातारा जिल्ह्यातून आलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिले की फार लहान वाफ्यांतून उत्पादन फुगून येते. कारण अगदी साधे होते. वाफ्याच्या कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याने ठरवायचे असते, आणि त्याचा हात नकळत ते आत ओढतो. वाफा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने कड जास्त आणि तितकी चूकही मोठी. असे वाफे कितीही वाढवले तरी प्रत्येकात तीच चूक, त्याच दिशेने. सीआरपी ताईंनी दाखवलेला नियमित गट हे असेच आत ओढलेले कडेचे रोप आहे.

तिसरा धोका गृहीतकात असतो. ३८४ चे सूत्र एक टक्केवारी मोजण्यासाठी आहे. पण या प्रबंधाचे मुख्य गृहीतक तुलनेचे आहे: प्रशिक्षण मिळालेल्या गटांत थकबाकी कमी असते. १६ गट प्रशिक्षित, १६ अप्रशिक्षित, दोन्हीकडे १९२ जणी. थकबाकीदार एकीकडे ५० टक्के आणि दुसरीकडे ४० टक्के असतील, तर हा १० टक्क्यांचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला नेहमीच्या सूत्राने किती जणी लागतात? योगायोगाने उत्तर पुन्हा ३८४ च येते, पण ते प्रत्येक बाजूला. १९२ जणींच्या दोन गटांत सुमारे १४ टक्क्यांहून लहान फरक सहज निसटू शकतो. गटातला सारखेपणा जमेस धरला तर ही मर्यादा २० टक्क्यांपर्यंत जाते. अशा वेळी “प्रशिक्षणाचा परिणाम आढळला नाही” या निष्कर्षाचा खरा अर्थ “लहानसहान परिणाम दिसेल अशी आमची दुर्बीण नव्हती” एवढाच राहतो. काही जण निकाल हाती आल्यावर त्याच निकालातून अभ्यासाची ‘पॉवर’ काढून दाखवतात. त्याने काही सिद्ध होत नाही. ती संख्या म्हणजे आधीच काढलेल्या पी-मूल्याचेच दुसरे रूप असते. त्याऐवजी फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा सांगावी. खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो हे तिच्यातून उघड दिसते.

प्रबंध सादर झाल्यावर नमुना वाढवता येत नाही. पण बाह्य परीक्षकांचे अहवाल हाती येऊन परीक्षेची तारीख पडेपर्यंत बहुधा काही आठवडे मिळतात, आणि त्यांत तीन कामे होऊ शकतात. पहिले, क्षेत्रकार्याची वही उघडून खरी मोजणी करणे: किती दारे ठोठावली, किती बंद होती, किती नकार आले, किती जणी बदली म्हणून घेतल्या. दुसरे, गट हे एकक धरून मुख्य निष्कर्षांच्या विश्वासमर्यादा पुन्हा काढणे. गटातला सारखेपणा ०.१ आहे की ०.०२, हे स्वतःच्याच माहितीतून कळते, ते गृहीत धरावे लागत नाही. तिसरे, न भेटलेल्या सभासदांची गटाच्या नोंदवहीतली बचत आणि हप्ते भेटलेल्यांशी ताडून पाहणे. नोंदवही सर्व जणींची असते, ऊसतोडीला गेलेल्यांचीही. कल किती आणि कोणत्या दिशेने आहे, याचा अंदाज तिथूनच येतो.

मग उत्तराचा क्रम आपोआप बदलतो. आधी कोण, मग कसे, मग किती गळाले आणि सर्वांत शेवटी संख्या. बोलायला ते साधारण असे होते: “सर, माझे निवडीचे एकक गट होते, व्यक्ती नव्हत्या. तालुका कक्षाची यादी होती, पण प्रत्यक्ष निवड गावातल्या सल्ल्याने झाली. म्हणून ती सहेतुक निवड आहे, आणि प्रबंधात मी तिला यादृच्छिक म्हटले ते चूक आहे. मूळ यादीतल्या इतक्या जणी भेटल्या नाहीत, त्यांतल्या बऱ्याच स्थलांतरित होत्या. नोंदवहीनुसार त्यांची थकबाकी जास्त आहे, म्हणून माझी टक्केवारी खऱ्यापेक्षा कमी असावी. ३८४ हा आकडा मी व्यक्तींच्या सूत्राने काढला होता. गटांचा हिशोब धरल्यावर तो सुमारे १८३ इतका पडतो, आणि त्यानुसार काढलेल्या विश्वासमर्यादा या कागदावर आहेत.”

या उत्तरात कबुली आहे, पण ती मोजलेली कबुली आहे. “वेळ आणि पैसा कमी होता” म्हणणे ही नुसती सबब असते. चूक किती आणि कोणत्या बाजूला, हे सांगता येणे हा बचाव असतो.

या उत्तराला एक किंमत आहे, आणि ती परीक्षेच्या आधीच मोजलेली बरी. निवड सहेतुक होती असे म्हटल्यावर “तालुक्यातील महिलांची कर्जफेड समाधानकारक आहे” हे शेवटच्या प्रकरणातले वाक्य टिकत नाही. त्या जागी “नियमित बैठका घेणाऱ्या ३२ गटांतील, सर्वेक्षणकाळात गावात असलेल्या सभासदांची” असे लांबलचक, अवघडलेले वाक्य येते. विद्यार्थी बहुधा इथेच थबकतो. पद्धतीची मर्यादा तो एका परिच्छेदात मान्य करतो आणि निष्कर्ष मात्र जुन्याच ऐटीत ठेवतो. परीक्षक दोन्ही पानांत बोटे घालून ती शेजारी शेजारी धरतात. उत्तराची तयारी करायची ती त्या दोन पानांची.