कवच की उसनवारी?

१/ बाजार खवळला की गुंतवणूक घटवायची, निवळला की वाढवायची. या सूत्राला ‘कवच’ म्हणून मिरवणाऱ्यांनी फेब्रुवारी २०१८ मधील अमेरिकी बाजाराचा इतिहास वाचावा.

२/ सूत्राचे गणित सोपे आहे. वार्षिक चढउताराचे लक्ष्य, समजा १० टक्के, अलीकडच्या प्रत्यक्ष चढउताराने भागायचे. २०१७ विलक्षण शांत होते; एस अँड पी ५०० निर्देशांक एकाही दिवशी २ टक्क्यांनी घसरला नाही. चढउतार सुमारे ७ टक्के होता. त्यामुळे सूत्राची आज्ञा होती: १०० डॉलर भांडवलावर १४३ डॉलर गुंतवा. वरचे ४३ अर्थातच उसने.

३/ ५ फेब्रुवारीला निर्देशांक ४.१ टक्के कोसळला. तोवर हा भार न उतरवलेल्याचे ५.९ डॉलर गेले. उसनवारी न करणाऱ्याचे ४.१. मग चढउतार २० टक्के मोजला गेला, की उरलेल्या ९४ डॉलरवर केवळ ४७ गुंतवण्याची मुभा. म्हणजे ९० डॉलरचे समभाग पडझडीनंतर, पडत्या भावात विकायचे!

४/ समर्थक २००८ कडे बोट दाखवतात, आणि तेथे ते खरे आहेत. ते वादळ महिनोन्‌महिने घोंगावत होते. मोजून मागे सरायला अवसर होता. शांततेतून एका दिवसात उठणाऱ्या वादळात तो मिळत नाही, कारण सूत्र फक्त झालेलेच मोजते.

५/ म्हणून कवचच हवे असेल, तर गुंतवणूक १०० च्या वर नेऊ नका. त्यापलीकडे नेणाऱ्याने तिला उसनवारीच म्हणावे.